स्लाइडवरचे परावर्तन शून्यावर का येत नाही

प्रश्न: "सर, मी नाशिकला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. लाल लेसर, पोलरॉइड, मायक्रोस्कोपची साधी स्लाइड आणि फोटोडायोड घेऊन परावर्तन मोजले. समांतर ध्रुवणाला १० अंशांवर ७.४ टक्के, ४५ अंशांवर २.० टक्के आणि ५६ अंशांवर ०.६ टक्के आले. लंब ध्रुवणाला ४५ अंशांवर १६.५ टक्के आले. पुस्तकात सुरुवात ४ टक्क्यांपासून आहे आणि ५६ अंशांवर शून्य आहे. माझे कोन चुकले का?"

तुमच्या कोनांवर माझा संशय सर्वांत कमी आहे. या चार आकड्यांमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी मिसळलेल्या दिसतात. पहिली म्हणजे स्लाइडला पृष्ठे दोन असतात आणि पुस्तकातला आलेख एका पृष्ठाचा असतो. दुसरी म्हणजे तुमच्या पोलरॉइडचा अक्ष समांतर दिशेपासून बहुधा आठ-नऊ अंश ढळलेला आहे. पहिल्या कारणामुळे सगळे आकडे जवळजवळ दुप्पट होतात, पण शून्य शून्यच राहते. दुसऱ्यामुळे शून्य भरून येते, पण बाकीच्या आकड्यांना फारसा धक्का लागत नाही. कोनाची चूक असती, तर शून्य भरले नसते, फक्त बाजूला सरकले असते. दोषाचा ठसा असा ओळखता आला की प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी एका पृष्ठाचे चित्र स्पष्ट करून घेऊ. तुमच्या स्लाइडचा नेमका अपवर्तनांक मला माहीत नाही. साध्या सोडा-चुना काचेचा तो १.५१ ते १.५२ च्या आसपास असतो. मी हिशेबासाठी १.५ धरतो, कारण त्याने निष्कर्ष बदलत नाही: १.५२ धरला तर लंबवत पडणाऱ्या प्रकाशाचे परावर्तन ४.० ऐवजी ४.३ टक्के होते आणि ब्रूस्टर कोन ५६.३ ऐवजी ५६.७ अंश होतो. आपतन कोन i, अपवर्तन कोन t आणि अपवर्तनांक n असेल, तर फ्रेनेलची सूत्रे अशी आहेत:

```
sin t = sin i / n
Rs = [ (cos i - n cos t) / (cos i + n cos t) ]^2
Rp = [ (n cos i - cos t) / (n cos i + cos t) ]^2
```

यात Rs हे आपतन प्रतलाला लंब ध्रुवणाचे आणि Rp हे समांतर ध्रुवणाचे परावर्तन आहे. एका पृष्ठासाठी आकडे असे येतात:

| आपतन कोन | लंब (टक्के) | समांतर (टक्के) |
|---|---|---|
| ०° | ४.० | ४.० |
| ३०° | ५.८ | २.५ |
| ४५° | ९.२ | ०.८५ |
| ५६.३° | १४.८ | ० |
| ७०° | ३०.० | ४.२ |
| ८०° | ५३.९ | २३.७ |
| ८५° | ७३.२ | ४९.३ |

लंब घटक सुरुवातीपासून वाढतच जातो. समांतर घटक मात्र आधी उतरतो, शून्याला टेकतो आणि मग चढतो. ७० अंशांवर तो पुन्हा जवळपास सुरुवातीच्या ४ टक्क्यांवर आलेला असतो. म्हणजे उतरायला ५६ अंश लागतात आणि तेवढेच चढायला केवळ १४ अंश पुरतात. हातात आलेला आलेख या शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसत असेल, तर मी लगेच थांबतो आणि मांडणी तपासतो.

समांतर घटकच शून्यावर का येतो, हे सूत्रापेक्षा काचेतल्या इलेक्ट्रॉनकडे पाहिले तर जास्त कळते. परावर्तित किरण निर्माण करणारे इलेक्ट्रॉन काचेच्या आत असतात आणि ते आतल्या, म्हणजे अपवर्तित, किरणाच्या विद्युत क्षेत्राच्या दिशेने डोलतात. डोलणारा भार स्वतःच्या डोलण्याच्या रेषेत प्रकाश फेकत नाही. समांतर ध्रुवणात ही डोलण्याची रेषा आपतन प्रतलातच असते आणि अपवर्तित किरणाशी काटकोन करते. परावर्तित आणि अपवर्तित किरण एकमेकांशी काटकोन करू लागले की परावर्तित किरणाची दिशा नेमकी त्या रेषेवर येते आणि तिकडे जायला प्रकाशच उरत नाही. लंब ध्रुवणात इलेक्ट्रॉन प्रतलाच्या आरपार डोलतात, त्यामुळे परावर्तनाची दिशा त्यांच्या रेषेत कधीच येत नाही आणि शून्यही येत नाही. त्या कोनाची स्पर्शिका म्हणजे tan अपवर्तनांकाइतकी असते, हा ब्रूस्टरचा १८१५ मधला नियम. त्याआधी, १८०८ मध्ये, मॅलसला परावर्तनाने होणारे ध्रुवण सापडले होते, पण कोन आणि अपवर्तनांक यांचा संबंध काचेवर त्याला बसवता आला नाही, कारण तेव्हाच्या काचांची पृष्ठे तेवढी चांगली नव्हती. पृष्ठाच्या अवस्थेचा हा मुद्दा पुढे तुमच्याही कामाला येणार आहे.

आता दुसरे पृष्ठ. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या स्लाइडमध्ये ४५ अंशांवर पुढच्या आणि मागच्या पृष्ठांवरून येणारे दोन किरण एकमेकांपासून फक्त पाऊण मिलिमीटर सरकलेले असतात, आणि लहान कोनांना त्याहूनही कमी. लेसरचा ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा असतो. त्यामुळे डोळ्याला एकच ठिपका दिसतो आणि फोटोडायोड दोन्ही पृष्ठांची बेरीज मोजतो. आतल्या आत वारंवार होणारी परावर्तने धरून, आणि व्यतिकरण बाजूला ठेवून, ही बेरीज 2R/(1+R) इतकी होते. शून्य अंशांवर ती ७.७ टक्के येते. १० अंशांवर समांतर घटकाचे एका पृष्ठाचे परावर्तन ३.८४ टक्के असते आणि दोन पृष्ठांचे ७.४ टक्के. हा तुम्ही मोजलेलाच आकडा आहे, म्हणजे त्या ठिकाणी तुमचे मापन उत्तम झाले आहे.

ब्रूस्टर कोनावर मात्र मागचे पृष्ठ काहीच भर घालत नाही. पृष्ठे समांतर असल्यामुळे आतला किरण मागच्या पृष्ठावर t कोनाने पडतो, आणि काचेतून हवेत जाताना तोच तिथला ब्रूस्टर कोन असतो. दोन्ही पृष्ठे एकाच वेळी समांतर घटकाला अडवायचे सोडतात. म्हणून तुमच्या ०.६ टक्क्यांचा दोष मागच्या पृष्ठाला देता येत नाही.

हे ४५ अंशांच्या आकड्यांवर पडताळून पाहू, कारण त्या कोनाचा एक सुंदर गुण आहे: कोणत्याही पारदर्शक पदार्थाच्या एकाच पृष्ठासाठी, ४५ अंशांवर, समांतर परावर्तन हे लंब परावर्तनाच्या वर्गाइतके असते. अपवर्तनांक माहीत नसला तरी हे खरे राहते. तुमच्या १६.५ टक्क्यांचा, म्हणजे ०.१६५ चा, वर्ग केला तर २.७ टक्के येतात आणि तुम्ही मोजले आहेत २.०, जुळत नाही. आता दुसऱ्या पृष्ठाचा वाटा काढून टाकू. मोजलेले परावर्तन T असेल, तर एका पृष्ठाचे परावर्तन T/(2-T) इतके असते. त्यानुसार लंब घटक ९.० टक्के होतो आणि समांतर घटक १.०१ टक्के. नऊ टक्क्यांचा वर्ग ०.८१ टक्के. अजून जुळत नाही, पण आता विसंगतीची दिशा उलटली आहे: समांतर घटक हवा त्यापेक्षा जास्त आहे आणि लंब घटक किंचित कमी. समांतर म्हणून मोजलेल्या प्रकाशात थोडा लंब मिसळला असेल आणि लंबमध्ये थोडा समांतर, तर नेमके असेच होते.

किती मिसळला, तेही काढता येते. अक्ष δ अंशांनी ढळला असेल, तर प्रकाशाचा sin²δ इतका भाग चुकीच्या घटकात जातो. ५६ अंशांवर स्लाइडचा लंब घटक दोन्ही पृष्ठे मिळून २५.८ टक्के परावर्तित होतो आणि समांतर घटक शून्य असतो, म्हणून तिथे मोजलेले ०.६ टक्के हे सगळेच घुसखोर आहेत. ०.६ भागिले २५.८ म्हणजे ०.०२३, आणि त्यावरून δ सुमारे ९ अंश येतो. तोच ढळ ४५ अंशांवर लावून पाहा: समांतरसाठी २.०३ टक्के आणि लंबसाठी १६.५ टक्के येतात. एकाच δ ने तुमचे उरलेले तिन्ही आकडे समजतात, म्हणून मी हे एवढ्या ठामपणे लिहीत आहे. कोनाच्या चुकीने हे साधले नसते. समांतर घटक शून्याजवळ फार सावकाश वाढतो, ६० अंशांवरही तो एका पृष्ठाला फक्त ०.१८ टक्के असतो. ५६ अंशांवर एका अंशाची चूक झाली, तर साधारण ०.०१ टक्क्याचा फरक पडेल, ०.६ चा नाही.

तरीही हा कागदावरचा तर्क आहे आणि तो प्रयोगाने तपासायला दहा मिनिटे पुरतात. स्लाइड ५६ अंशांवर ठेवून तिला हात लावू नका. परावर्तित ठिपका फोटोडायोडवर असताना पोलरॉइड हळूहळू फिरवा. अक्ष हाच दोष असेल, तर एका स्थितीत वाचन जवळजवळ शून्यावर येईल, आणि ती स्थिती तुमच्या सध्याच्या खुणेपासून नऊ अंशांच्या आसपास असेल. किमान बिंदू सपाट असल्याने तो थेट शोधू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना सारखे वाचन देणाऱ्या दोन जागा घ्या आणि त्यांचा मध्य काढा. वाचन तरीही उतरले नाही, तर लेसरसमोर पुठ्ठा धरा. वाचन तसेच राहिले तर तो खोलीतला प्रकाश आहे, आणि तो प्रत्येक वाचनातून वजा करायला हवा. पुठ्ठा धरल्यावर वाचन नाहीसे झाले, तर पोलरॉइड हलक्या प्रतीचा आहे किंवा काचेवर थर आहे. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या स्लाइडवर नाशिकच्या दमट हवेत धूसर पापुद्रा धरतो, तो मी बऱ्याचदा पाहिला आहे. त्याचे विखुरणे कोणत्याच ध्रुवणाला जुमानत नाही. स्पिरिटने पुसून लेन्सच्या कागदाने कोरडी केलेली नवी स्लाइड घेतली की हा प्रश्न सुटतो.

अक्ष ढळतो कसा, हे सांगायला हवे, कारण माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांची चूक इथेच होत असे. पोलरॉइडच्या चौकटीवरची खूण बहुतेक वेळा अंदाजे केलेली असते. ती तपासण्यासाठी काच लावलेल्या टेबलाकडे तिरके पाहा, खिडकीचे प्रतिबिंब दिसेल असे, नजर उभ्या रेषेशी साधारण ५६ अंशांचा कोन करील अशी. पोलरॉइडमधून पाहत तो फिरवा. प्रतिबिंब सर्वांत फिके होईल तेव्हा पोलरॉइडचा अक्ष उभा आहे, कारण टेबलावरून येणारा प्रकाश आडव्या ध्रुवणाचा असतो. तिथे नवी खूण करा. पण लक्षात ठेवा, टेबलाकडे पाहताना आपतन प्रतल उभे होते. तुमच्या मांडणीत लेसर टेबलाला समांतर जातो आणि स्लाइड उभी असते, म्हणून आपतन प्रतल आडवे आहे आणि समांतर ध्रुवण म्हणजे आडवे विद्युत क्षेत्र. "समांतर" हा शब्द काचेच्या पृष्ठाशी जोडून कोणी उभा अक्ष घेतला, तर त्याला संपूर्ण लंब घटकाचा आलेख मिळतो आणि शून्य कुठेच सापडत नाही. तुमच्याकडे तसे झालेले नाही.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. लेसर डायोडचा प्रकाश मुळातच बऱ्याच अंशी ध्रुवित असतो, त्यामुळे पोलरॉइड समांतरवरून लंबवर नेला की काचेवर पडणारा प्रकाशच बदलतो. प्रत्येक स्थितीत स्लाइड काढून सरळ किरण पुन्हा मोजा आणि त्या आकड्याने भागा. लेसर स्वतःच्या आसाभोवती फिरवून दोन्ही स्थितींत सरळ किरण सारखा करून घेतला, तर काम आणखी सोपे होते. मोजताना फोटोडायोडचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये घ्या. उघड्या टोकांवरचा व्होल्टेज प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही, लॉगरिदमने वाढतो, आणि त्याने काढलेली टक्केवारी निरर्थक असते. तुमचा ७.४ इतका बरोबर आला आहे की तुम्ही प्रवाहच मोजला असणार.

वर व्यतिकरण बाजूला ठेवले होते, त्याकडे आता येतो. दोन पृष्ठांच्या प्रकाशांची नुसती बेरीज होईल की त्यांचे व्यतिकरण होईल, हे तुमच्या लेसरवर अवलंबून आहे. एक मिलिमीटरच्या स्लाइडमध्ये मागून येणारा किरण प्रकाशीय अंतराने सुमारे तीन मिलिमीटर मागे असतो. लेसरची संसक्तता त्याहून बरीच जास्त असेल, तर परावर्तन कोनाबरोबर लाटांसारखे वरखाली होते, आणि शून्य अंशांजवळ ते तत्त्वतः ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. एकदा एका विद्यार्थ्याच्या आलेखातल्या अशा लाटांमागचे कारण शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली होती. शेवटी लक्षात आले की स्लाइडजवळ बोट नेले, की त्याच्या उबेनेच वाचन हलते. तुमचे आकडे साध्या बेरजेशी इतके जुळतात, यावरून तुमच्या लेसरमध्ये हा त्रास दिसत नाही, पण दुसऱ्या लेसरने प्रयोग केलात तर तो येऊ शकतो.

यातून सुटका एकाच वेळी हवी असेल, तर स्लाइडऐवजी प्रयोगशाळेतला प्रिझम स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलावर ठेवा. प्रिझमची पृष्ठे समांतर नसल्याने आत गेलेला प्रकाश भलत्याच दिशेला बाहेर पडतो, आणि फोटोडायोडला फक्त एका पृष्ठाचे परावर्तन मिळते. मात्र प्रिझमचा अपवर्तनांक आधी किमान विचलनाने काढा. तो १.६५ निघाला, तर सुरुवात ४ नव्हे, ६ टक्क्यांपासून होईल आणि शून्य ५८.८ अंशांवर येईल. प्रिझम मिळत नसेल, तर काचेच्या दुकानातून बारा मिलिमीटर जाडीचा तुकडा आणा. त्यात ४५ अंशांवर दोन ठिपके नऊ मिलिमीटर दूर पडतात आणि मागचा ठिपका काळ्या कागदाने सहज अडवता येतो. १० अंशांवर हे अंतर पावणेतीन मिलिमीटर उरते, म्हणून ठिपका त्याहून बारीक हवा.

तुम्ही ५६ च्या पुढचे आकडे लिहिलेले नाहीत, पण तिकडे जाणार असाल तर कोनाची चूक तिथे खरोखर महाग पडते. ८० ते ८५ अंशांमध्ये समांतर घटक २३.७ वरून ४९.३ टक्क्यांवर जातो, म्हणजे दर अंशाला सरासरी पाच टक्के बिंदू. शून्य अंशांचे स्थान ठरवताना परावर्तित ठिपका लेसरच्या छिद्रावर परत पाठवा. एक मीटर अंतरावर तो एक सेंटीमीटर चुकला, तर स्लाइडचा कोन सुमारे ०.३ अंश चुकलेला असतो, आणि तेवढी चूक ५६ अंशांवर दिसतही नाही, पण ८३ अंशांवर दीड टक्के बिंदूंचा फरक पाडते. शिवाय दोन मिलिमीटरचा ठिपका ८० अंशांवर काचेवर साडेअकरा मिलिमीटर लांब पसरतो आणि ८५ अंशांवर २३ मिलिमीटर. स्लाइड उभी धरली तर तिची रुंदी २५ मिलिमीटर असते. ठिपका काठावरून सांडू लागला की परावर्तन वाढायच्या ऐवजी घटताना दिसते, आणि कित्येकांनी ती घट खरी समजून वहीत लिहिलेली मी पाहिली आहे.

हा चढ तुम्हाला प्रयोगशाळेबाहेरही पाहता येईल. गंगापूर धरणाच्या पाण्यावर सूर्य क्षितिजापासून ३७ अंश वर असताना पोलरॉइड चष्मा पाण्यावरची चकाकी जवळजवळ पुसून टाकतो, कारण पाण्याचा ब्रूस्टर कोन ५३ अंश आहे. सूर्य १० अंशांवर उतरला की आपतन कोन ८० अंश होतो, तिथे पाण्याचा समांतर घटकही २४ टक्के परावर्तित होतो, आणि लंब घटकाचे ४६ टक्के अडवूनही तोच चष्मा ती चकाकी घालवू शकत नाही.

स्लाइडवरच प्रयोग पुरा करायचा असेल, तर आधी ५६ अंशांवर पोलरॉइडची खूण दुरुस्त करा आणि नंतर फक्त ४५ अंशांची दोन वाचने पुन्हा घ्या. ती समांतरसाठी १.७ आणि लंबसाठी १६.८ टक्क्यांच्या जवळ यायला हवीत. T/(2-T) ने एका पृष्ठावर आणल्यावर ती ०.८५ आणि ९.२ टक्के होतील आणि वर्गाची कसोटी जुळेल. जुळली नाही, तर दोन्ही वाचने सरळ किरणाच्या आकड्यासह इथे लिहा.